शेवटच्या मेसेजमध्ये प्रश्न नको

‘माझं काही चुकलं का?’ गप्प झालेल्या मित्राला पाठवायला याहून वाईट मेसेज नाही. आणि बहुतेक जण नेमका तोच पाठवतात. वाक्य दिसतं नम्र, पण सगळं काम समोरच्यावर टाकतं. त्याने ‘नाही रे’ म्हणून खोटं बोलायचं किंवा तक्रारींची यादी काढून भांडायचं. दोन्हीपेक्षा गप्प बसणं सोपं. मग तो गप्पच बसतो.

माझा हॉस्टेलचा रूममेट मार्चपासून गप्प होता. सात महिन्यांत माझ्या तीन मेसेजना उत्तर नाही. आधी एका कॉमन मित्राला एवढंच विचारलं, ‘बरा आहे ना तो?’ कारण गप्प राहण्यामागे आजारपण असू शकतं, गेलेली नोकरी असू शकते. तो बरा होता, रोज ऑफिसला जात होता. मग मी हे लिहिलं:

‘अरे, मार्चनंतर आपलं बोलणं थांबलंय. कारण विचारत नाही. सेकंड इयरला मला टायफॉइड झाला तेव्हा तू रोज मेसमधून डबा आणायचास, ते लक्षात आहे. आता मी मेसेज करत राहणार नाही. तुला कधी बोलावंसं वाटलं तर मला आवडेल. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’

‘तू बोलणं थांबवलंस’ म्हटलं की आरोप झाला. ‘बोलणं थांबलं’ यात कुणी थांबवलं ते येतच नाही. मराठीने दिलेली ही सोय वापरावी. ‘आपली इतकी वर्षांची मैत्री’ असंही लिहू नये, त्यात हिशेब मागितल्यासारखं वाटतं. डब्याची आठवण काहीच मागत नाही. उधारी किंवा डिपॉझिटचे पैसे अडकले असतील तर तो मेसेज वेगळा, वेगळ्या दिवशी.

पाठवण्याआधी एकच बघायचं: उत्तर कधीच आलं नाही तरी हा मेसेज पूर्ण वाटतो का? वाटत नसेल तर त्यात कुठेतरी प्रश्न लपलाय. ‘निदान’, ‘तरी’, ‘एकदा’ हे शब्द शोधा, बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

यावर मित्र म्हणतात, ‘पण कारण कळायचा आपला हक्क आहे ना?’ नाही. नोकरी सोडताना एक्झिट इंटरव्ह्यू असतो, नोटीस पीरियड असतो. मैत्रीत असं कुणी सही करून दिलेलं नसतं. समोरच्याच्या उत्तरावर अवलंबून असलेलं क्लोजर म्हणजे नुसतं वाट बघणं.

या मेसेजने मैत्री परत येत नाही आणि कारणही कळत नाही. शिवाय ‘मेसेज करत राहणार नाही’ हे वाक्य पाळावं लागतं, त्याच्या वाढदिवसालासुद्धा. तिथे ‘हॅपी बड्डे, विसरलास ना?’ गेलं की आधीचं सगळं वाया. माझ्या मेसेजला निळ्या टिक्स आल्या. उत्तर आलं नाही. त्यानंतर मी ते चॅट उघडून बघणं बंद केलं, आणि मला हवं होतं ते हेच.