रापण, पर्ससीन आणि सकल उत्पादनाची वजाबाकी

विकासदराचे आकडे जाहीर झाले की त्यांची चर्चा शेअरबाजारात होते, मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होत नाही. वस्तुतः सकल देशांतर्गत उत्पादन हा आकडा काय मोजतो आणि काय सोडून देतो, हे समजून घ्यायचे तर त्या किनाऱ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यातील संघर्ष तेथे अनेक वर्षे चालू आहे. त्या संघर्षात राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब आपोआप कोणाच्या बाजूने साक्ष देतो, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम हिशेबाची रीत. एखाद्या व्यवसायाच्या वर्षभराच्या उत्पादनाचे बाजारभावाने मूल्य काढायचे आणि त्यातून त्या उत्पादनात खपलेल्या वस्तू व सेवांची किंमत वजा करायची. मासेमारीत ती डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती अशी असते. जे उरते ते त्या व्यवसायाचे मूल्यवर्धन. खलाशांची मजुरी यातून वजा होत नाही, कारण मजुरी आणि मालकाचा नफा हे दोन्ही त्याच मूल्यवर्धनाचे वाटे आहेत. सर्व व्यवसायांच्या मूल्यवर्धनाची बेरीज करून तीत वस्तूंवरील कर मिळवले आणि अनुदाने वजा केली की सकल देशांतर्गत उत्पादन हाती येते. यातील ‘सकल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. होडी, इंजिन, जाळे यांची वर्षभरात जी झीज होते ती यातून वजा केलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. समुद्रातील माशांच्या साठ्याची झीज मात्र या हिशेबात झीज म्हणूनही धरलेली नाही. मोकळ्या समुद्रात मासा वाढतो तेव्हा उत्पादन होत नाही. तो पकडला जातो तेव्हा होते.

आता एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. एका रापणीला २,००० किलो बांगडा मिळाला आणि तो १०० रुपये भावाने गेला. उत्पादन २ लाखांचे. दोर, जाळे यांचा खर्च १० हजार. मूल्यवर्धन १ लाख ९० हजार, आणि ते दोर ओढणाऱ्या पन्नासएक माणसांत वाट्यांनी विभागले गेले.

दुसऱ्या दिवशी तोच थवा किनाऱ्याला लागण्यापूर्वीच पर्ससीन नौकेने घेरला आणि १०,००० किलो मासळी काढली. त्यातील ६,००० किलो मोठी मासळी, आवक वाढल्याने पडलेल्या ८० रुपये भावाने, ४ लाख ८० हजारांना गेली. उरलेली ४,००० किलो अगदी लहान. ती फिशमीलच्या कारखान्याला २० रुपयांनी, म्हणजे ८० हजारांना गेली. एकूण ५ लाख ६० हजार. डिझेल, बर्फ वगैरे २ लाख २० हजार वजा जाता मूल्यवर्धन ३ लाख ४० हजार. रापण रिकामी राहिली तरी उत्पादन १ लाख ९० हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर गेले. कागदावर ही जवळजवळ ८० टक्के वाढ आहे.

परंतु त्या लहान मासळीकडे पाहा. ५० ग्रॅमचा एक याप्रमाणे ४,००० किलोत ८० हजार मासे झाले. त्यातले निम्मे निसर्गतः मरून उरलेले ४० हजार १५० ग्रॅमचे झाले असते, तर ६,००० किलो बांगडा मिळाला असता. ८० रुपयांनी ४ लाख ८० हजारांचा. तो पकडण्याचा खर्च दीड लाख धरला तरी ३ लाख ३० हजारांचे उद्याचे उत्पन्न आज फिशमीलमध्ये गेले. ते वजा केले तर ३ लाख ४० हजारांच्या त्या मूल्यवर्धनातून १० हजार उरतात. शिवाय पन्नास वाट्यांच्या जागी आता मूठभर वाटे आहेत, आणि हेही सकल उत्पादनाच्या आकड्यात कोठे उमटत नाही.

रापण निष्पाप आणि यंत्र पापी, असा याचा अर्थ नव्हे. जाळ्याचे डोळे बारीक असतील तर रापणही पिल्ले ओढते. आणि बांगडा, तारली यांची आवक समुद्राच्या बदलत्या स्थितीनुसार मुळातच कमीजास्त होते. म्हणूनच एका वर्षाच्या आवकेवरून काही सिद्ध होत नाही. साठा खालावत आहे हे ओळखायचे तर दोन गोष्टी वर्षानुवर्षे पाहाव्या लागतात. तेवढ्याच तासांच्या फेरीत मासळी कमी मिळू लागली आहे काय, आणि बंदरावर येणाऱ्या माशाची सरासरी लांबी घटत आहे काय. नौका वाढल्या, इंजिने वाढली, दूरवर जाऊ लागली, की ही दोन्ही लक्षणे दिसत असतानाही एकूण आवक काही वर्षे चढतीच राहू शकते. उत्पन्नाच्या हिशेबात ती एकूण आवकच जाते.

या प्रश्नावर कायदा झाला नाही असे नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनच्या परवान्यांवर आणि हंगामावर बंधने घातली. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. या बंधनांमुळे आवक घटली तर ती वर्षाच्या आकड्यात ‘घट’ म्हणून दिसते, आणि बंधने मोडली गेली तर ‘वाढ’ म्हणून.

दुसरी वगळलेली गोष्ट घराच्या आत आहे. तारकर्लीच्या एखाद्या घरी पर्यटक उतरले, त्या घरच्या बाईने त्यांच्यासाठी बांगड्याचे तिखले आणि सोलकढी केली, तर ते उत्पादन. तेच तिखले तिने आपल्या सासऱ्यांना आणि मुलांना वाढले तर बांगडा हिशेबात येतो, कारण घरी खाल्लेली मासळीही उत्पादन मानली जाते. तिचे रांधणे येत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. घरकाम मोजता येत नाही म्हणून वगळले, ही सबब या मोजणीनंतर पुरती टिकत नाही.

नुकसानीची गत तर उलटीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात घरे आणि नौका मोडल्या. ते नुकसान सकल उत्पादनातून वजा झाले नाही. दुरुस्तीसाठी लागलेले पत्रे, सिमेंट आणि मजुरी मात्र त्यात जमा झाली.

हे दोष आजच कोणाला सुचले असे नव्हे. सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, त्यातच या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नये असा इशारा होता. आपल्याकडे दादाभाईंनी दरडोई २० रुपयांचा आकडा काढला तो दारिद्र्य दाखवण्यासाठी; वाढीचा डंका पिटण्यासाठी नव्हे. १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस आणि राव यांच्याबरोबर आपले धनंजयराव गाडगीळही होते.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२५ मध्ये नवी राष्ट्रीय लेखा पद्धती स्वीकारली. तीत निसर्गसंपत्तीचा ऱ्हास हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. पण तो वजा होतो निव्वळ उत्पादनातून, सकल उत्पादनाचा आकडा तसाच राहतो. म्हणजे वर्तमानपत्रांच्या मथळ्यात जो आकडा येतो तो बदलणार नाही. शिवाय ही वजाबाकी करायची तर साठ्याची माहिती हवी, आणि ती मंत्रालयात तयार होत नाही. मालवण, सर्जेकोट, देवगड येथे उतरणाऱ्या मासळीची जात, लांबी आणि फेरीचे तास यांची नियमित नोंद ठेवावी आणि ती मच्छीमार सोसायट्यांना पाहायला मिळावी, ही मागणी किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी या हंगामापासूनच लावून धरावयास हवी. रापणीचा वाटा पाडताना लांबी मोजायला एक फूटपट्टी पुरते.