नशीब नव्हे, ठरलेला नमुना



स्वप्नील कुसाळे यांच्या नेमबाजीशी तुलना करून ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या खेळातला सलग गोळीबार निव्वळ नशिबाचा ठरवणारे पत्र वाचले. कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात प्रत्येक गोळी स्वतंत्र नेम धरून झाडतात. सलग गोळीबाराचा प्रश्नच वेगळा.

‘काउंटर-स्ट्राइक २’मधील एके-४७ तीस गोळ्या सुमारे तीन सेकंदांत संपवते. धक्क्याने गोळ्या आधी सरळ वर चढतात, मग डावी-उजवीकडे झुलतात. हा मार्ग दरवेळी तोच असतो. म्हणून खेळाडू माउस आधी खाली आणि नंतर झोल्याच्या उलट दिशेने ओढतो. ‘व्हॅलोरंट’मध्ये मात्र आडवा झोला कोणत्या बाजूला जाईल हे आधी ठरलेले नसते, तिथे लहान फैरीच बऱ्या.

नशिबाचा भाग आहे, तो प्रत्येक गोळीच्या किंचित विखुरण्यात. धावताना ते फार वाढते आणि माउसने आवरत नाही. पत्रलेखकांनी स्थिर उभे राहून, माउस न हलवता भिंतीवर दोनदा पूर्ण मॅगझिन झाडावे. छिद्रांची आकृती जवळपास सारखीच उमटेल. धावताना मात्र ती विस्कटेल.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर