१४० तारखांचा रोजनामा, पण दावा हलला फक्त १४ वेळा! जुन्या दिवाणी दाव्याचा इतिहास असा वाचा

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या मालकीचा दावा १९७६ मध्ये दाखल झाला. कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने तो १० डिसेंबर २०२४ रोजी फेटाळला. दावा मुदतीत दाखल झालेला नाही, हे त्यामागचं प्रमुख कारण होतं. म्हणजे ४८ वर्षं चाललेल्या प्रकरणात निर्णायक ठरल्या त्या सुरुवातीच्या काही तारखा.

दुर्गाडीचं प्रकरण राज्यभर गाजलं. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या अनेक घरांत मात्र चाळीच्या जागेचे, वाटपाचे, वहिवाटीचे दावे कुठलीही बातमी न होता वर्षानुवर्षं चालू असतात. मूळ वादी वारतात, वकील बदलतात. मग फाइल मुलाच्या किंवा सुनेच्या हाती येते आणि पहिला प्रश्न पडतो, ‘आतापर्यंत नेमकं झालं तरी काय?’ त्याचं उत्तर रोजनाम्यात असतं. प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, काय दाखल झालं, काय आदेश झाला आणि पुढची तारीख कशासाठी, याची न्यायालयाने ठेवलेली नोंद म्हणजे रोजनामा. अडचण एवढीच की तो वाचायला बसलं की सगळ्या तारखा सारख्याच दिसू लागतात.

‘कशासाठी’ आणि ‘काय झालं’ वेगळं

दाव्याच्या कागदावर १६ अक्षरांचा CNR क्रमांक असतो. ठाणे जिल्ह्यातल्या दाव्यांचा क्रमांक MHTH ने सुरू होतो. services.ecourts.gov.in वर किंवा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की ‘Case History’ हा तक्ता दिसतो. त्यात ‘Business on Date’, ‘Hearing Date’ आणि ‘Purpose of Hearing’ असे रकाने असतात. बहुतेक जण शेवटचा रकाना वाचून थांबतात आणि तिथेच फसतात.

त्या रकान्यात ती तारीख कशासाठी ठेवली होती एवढंच कळतं. पुराव्यासाठी २२ तारखा दिसल्या म्हणून २२ वेळा साक्ष झाली असं होत नाही. कधी एका तारखेला सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र येतं, दुसऱ्या तारखेला उलटतपासणी होते आणि उरलेल्या २० तारखांना काहीच घडलेलं नसतं. काय घडलं ते पाहायला ‘Business on Date’ खालची तारीख दाबून त्या दिवसाची नोंद उघडावी लागते. प्रत्येक तारीख वेगळी उघडायची, वाचायची आणि परत मागे यायचं. १४० तारखांसाठी हे १४० वेळा. सगळा रोजनामा एका कागदावर उतरवून घेण्याची सोय पक्षकाराला इथेच मिळायला हवी होती.

उतरवताना वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने पुरतात: तारीख, कशासाठी होती, काय झालं, कोणामुळे पुढे गेली आणि निशाणी क्रमांक. निशाणी म्हणजे फाइलमधल्या कागदाला दिलेला क्रमांक, रोजनाम्यात तो ‘नि.’ असा लिहितात. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत वादपत्र नि. १ असतं आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज सहसा नि. ५ असतो. त्यामुळे ‘नि. ५ वर आदेश पारित’ एवढी त्रोटक ओळही महत्त्वाची ठरते. मनाई मिळाली की नाकारली गेली, हे रोजनामा सांगेलच असं नाही. त्यासाठी खुद्द नि. ५ वरचा आदेश काढून वाचावा लागतो.

चाळणी एकाच प्रश्नाची

पुढचं उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली गुंतागुंत नेहमीची. डोंबिवलीतल्या वडिलोपार्जित जागेच्या वाटपाचा दावा २००९ मध्ये कल्याणच्या न्यायालयात दाखल झाला. आजवर १४० तारखा पडल्या. प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारायचा: या दिवसाने दावा कालपेक्षा वेगळ्या अवस्थेत गेला का?

समन्स बजावलं गेलं, कैफियत दाखल झाली, मुद्दे निघाले, साक्ष पूर्ण झाली, वादपत्रात दुरुस्ती झाली, पक्षकार वारला, वारस नोंदले गेले, दावा निकाली निघाला किंवा परत पटलावर आला, अशा नोंदींचं उत्तर ‘होय’. ‘वादी व वकील हजर, वेळ अर्ज मंजूर’ याचं उत्तर ‘नाही’. या चाळणीतून १४ तारखा उरतात. दाव्याचा इतिहास त्या १४ ओळींत असतो.

उरलेल्या १२६ तारखा फेकून द्यायच्या नाहीत. त्या कोणामुळे पुढे गेल्या ते मोजायचं. समजा, ४१ वेळा न्यायाधीश रजेवर होते, पद रिकामं होतं किंवा वेळ उरला नाही. ३८ वेळा प्रतिवादींनी मुदत मागितली, २९ वेळा वादींनी. १८ नोंदींत कारणच नाही. सुनावणीच्या टप्प्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ सांगतो. पुढे कोणी ‘समोरचाच दावा रेंगाळवतोय’ म्हटलं, तर कोणाच्या किती तहकुबी झाल्या ते या हिशेबावरून सांगता येतं. वादीच्या स्वतःच्या २९ तारखाही त्यात दिसतात, म्हणून तो प्रामाणिकपणे करावा. कारण नसलेल्या नोंदी कोणाच्याही नावावर टाकू नयेत.

मधला खड्डा

याच दाव्यात जुलै २०१३ नंतर थेट फेब्रुवारी २०१५ ची तारीख दिसते. दीड वर्ष काहीच नाही. घरातले म्हणतात, ‘तेव्हा कोर्टाने तारीखच दिली नाही.’ खड्ड्याआधीची नोंद उघडली तर दिसतं, ‘वादी व वकील गैरहजर. दावा गैरहजेरीत काढून टाकला.’ दीड वर्ष दावा अस्तित्वातच नव्हता.

तो परत पटलावर आणण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो आणि त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. म्हणून त्याच्या तारखा मूळ दाव्याच्या रोजनाम्यात दिसत नाहीत. पक्षकाराच्या नावाने शोधून तो किरकोळ अर्ज सापडला, तरच हा काळ भरतो. अर्ज उशिरा झाला होता का, उशीर कोणत्या कारणावर माफ झाला, हेही तिथेच कळतं. वरच्या न्यायालयातल्या अपील किंवा रिट याचिकेचंही तसंच. मूळ रोजनाम्यात फक्त ‘स्थगिती असल्याने पुढे’ असं येतं, स्थगिती केव्हा मिळाली आणि केव्हा उठली ते दुसऱ्या क्रमांकाखाली असतं. दोन तारखांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर दिसलं की तिथे खूण करून दुसरा क्रमांक शोधावा.

मृत्यूची तारीख आणि पुरसिशीची तारीख

सर्वात महागात पडणारी चूक इथे होते. आपल्या उदाहरणात ६ एप्रिल २०१८ ची नोंद आहे: ‘प्रतिवादी क्र. २ मयत झाल्याची पुरसिस दाखल.’ सारांश करणारा लिहितो, ‘एप्रिल २०१८ मध्ये प्रतिवादी २ वारले, २०१९ मध्ये वारस नोंदले.’ वाक्य नीटनेटकं दिसतं, पण ते चुकीचं आहे.

पुरसिस म्हणजे न्यायालयाला दिलेली लेखी माहिती. तिच्यासोबतचा मृत्यू दाखला पाहिला तर मृत्यू १२ नोव्हेंबर २०१७ चा निघतो. वारसांना दाव्यात आणण्याची मुदत मृत्यूपासून ९० दिवसांची. स्प्रेडशीटमध्ये A2 मध्ये मृत्यूची तारीख टाकून पुढच्या घरात एवढंच लिहायचं:

```
=A2+90
```

उत्तर येतं १० फेब्रुवारी २०१८. तोवर अर्ज नसेल तर मयत प्रतिवादीपुरता दावा आपोआप उपशमित होतो, म्हणजे संपतो. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची गरज नसते, म्हणूनच रोजनाम्यात त्या दिवशी काहीही लिहिलेलं सापडत नाही. दाव्यात सर्वात मोठी गोष्ट घडलेली असते आणि तिची नोंदच नसते! उपशमन रद्द करून घ्यायला पुढे आणखी ६० दिवस मिळतात. ते ११ एप्रिल २०१८ ला संपले. पुरसिस आली तेव्हा हातात पाच दिवस होते. वादीचा अर्ज आला २० जून २०१८ ला, म्हणजे ७० दिवस उशिरा. आता उपशमन रद्द करण्याच्या अर्जासोबत उशीर माफ करण्याचाही अर्ज लागतो. पक्षकाराच्या मृत्यूची माहिती कळताच न्यायालयाला देणं हे त्याच्या वकिलाचं कर्तव्य आहे. इथे ती जवळपास पाच महिन्यांनी आली आणि उशिराचं कारण दाखवताना वादीला हाच मुद्दा उपयोगी पडतो.

वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार आवश्यक पक्ष असतात. त्यामुळे एकापुरतं उपशमन झालं तरी संपूर्ण दाव्यावर प्रश्न येऊ शकतो. मयताचे वारस आधीच दाव्यात असतील तर चित्र वेगळं असतं. म्हणून कोण कोणाचा वारस, हे सारांशात लिहावंच लागतं.

वारस नोंदण्याची परवानगी १५ फेब्रुवारी २०१९ ला मिळाली. तरी काम अर्धंच झालं. परवानगीनंतर वादपत्रात प्रत्यक्ष दुरुस्ती करावी लागते. आदेशात वेगळी मुदत नसेल तर त्यासाठी १४ दिवस असतात. रोजनाम्यात ‘दुरुस्ती केली’ अशी नोंद आहे का ते पाहा. नसेल तर नि. १ ची सध्याची प्रत पाहा.

कोविडचा काळ मोजताना ही आकडेमोड बदलते. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला आहे. या काळात संपलेल्या मुदतीसाठी १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. नुसतं `=A2+90` केलं तर मुदतीतला अर्जही उशिराचा दिसेल.

संगणकावर नसलेलं

संकेतस्थळावरचा इतिहास संगणकीकरणानंतरचा असतो. १९९० च्या दशकातल्या दाव्याची पहिली तारीख तिथे कधी कधी २०११ ची दिसते. आधीचा रोजनामा हाताने लिहिलेला, फाइलला शिवलेला. त्यासाठी पक्षकाराने वकिलामार्फत किंवा स्वतः नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रत घ्यायची. अर्जात ‘संपूर्ण रोजनामा, दाखल तारखेपासून’ असं स्पष्ट लिहावं, नाहीतर शेवटची काही पानंच हाती पडतात. संगणकावरची नोंद आणि हाताने लिहिलेला रोजनामा जुळत नसतील तर सारांशात दोन्ही तारखा लिहाव्यात आणि कोणती कुठून घेतली तेही नमूद करावं. वकिलाला फाइलमध्ये नेमकं कोणतं पान उघडायचं ते त्यावरून कळतं.