शेण, मेण आणि रशियन चिऊताई

यंदाच्या आषाढांत आमच्या ओसरीवर एक लहानशी पाहुणी होती. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त मॉस्को शहरीं असतात. सूनबाई मूळच्या तिकडच्याच. रशियांतील शाळांस जून ते ऑगस्ट सुटी असते, म्हणजे नेमकी आपल्या पावसाळ्यांत. त्यामुळें आमची पांच वर्षांची नात पुण्यास आली ती पागोळ्यांच्या दिवसांत. तिला मराठी कळतें तें जेवणाखाण्यापुरतें. मनांतलें सारें ती रशियनमध्येंच बोलते. पेन्शनींत आल्यावर आम्हींही सूनबाईंच्या मदतीनें रशियन अक्षरें गिरविलीं आहेत. संस्कृत विभक्तींत हाडें मुरलेल्या माणसास रशियनच्या सहा विभक्तींचें भय वाटत नाहीं, एवढाच काय तो आमचा अधिकार.

पाऊस कोसळूं लागला, पोर खिडकीशीं बसली, आणि आम्हांस चिऊ-काऊची गोष्ट आठवली. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, कावळा चिमणीच्या दाराशीं येतो, आणि ती आंतून एकेक सबब सांगत त्याला थांबवून ठेवते. आम्हीं ही गोष्ट जशीच्या तशी रशियनमध्यें सांगितली. नातीनें ती शांतपणें ऐकून घेतली आणि मग विचारलें, “आजोबा, मग काय झालें?” वाचकहो, ही गोष्ट ऐकून मराठी मूल असें कधीं विचारीत नाहीं. तें दार वाजण्यापूर्वींच टाळी देतें व चिमणीची सबब आपणच सांगून टाकतें. गोष्ट भाषेच्या पलीकडे गेली होती; खेळ मात्र अलीकडेच राहिला होता. तो पलीकडे नेतांना आमची जी तारांबळ उडाली, तीच आज येथें सांगतों.

मुळांत या गोष्टीचा खुंटा दोन शब्दांत आहे: शेण आणि मेण. दोन्हींचा आवाज एक, गुण उलट. एक पावसांत विरघळतें, दुसरें टिकतें. म्हणजे येथें यमक हा अलंकार नव्हे, ती गोष्टीची तुळई आहे. रशियनमध्यें शेणखताला ‘नवोझ’ म्हणतात आणि मेणाला ‘वोस्क’. आम्हीं पहिल्या प्रयत्नांत पुढील दोन ओळी रचल्या:

इझ नवोझा दोम वरोनी,
आ इझ वोस्का वरब्या.

अर्थ असा कीं, कावळ्याचें घर शेणाचें आणि चिमण्याचें मेणाचें. ठेका बरोबर बसला. पण यमक नाहींसें झालें. सूनबाईंनीं ऐकलें आणि हंसूं आवरीत म्हणाल्या, “बाबा, यांत चार चुका आहेत, आणि यमक ही त्यांतली सर्वांत लहान.”

पहिली मोठी चूक लिंगाची. आपल्याकडे कावळा पुरुष आणि चिमणी बाई. रशियनमध्यें नेमकें उलट: कावळ्याला म्हणतात ‘वरोना’, तो शब्द स्त्रीलिंगी, चिमणीला म्हणतात ‘वरब्येय’, तो पुल्लिंगी. रशियन भूतकाळाच्या एकवचनी क्रियापदांत लिंग दिसतेंच, म्हणून तें लपवितां येत नाहीं. जसेंच्या तसें सांगितलें तर बाळाला न्हाऊं घालणारी आई जाऊन तेथें बाप येतो. तोडगा असा निघाला कीं चिमणीसाठीं ‘वरब्यीखा’ हा मादीवाचक शब्द घ्यावा. कावळ्याला पुरुष करण्यासाठीं ‘वोरन’ हा पुल्लिंगी शब्द मिळतो. पण तो डोमकावळा, गंभीर आणि अशुभ पक्षी. तो दार वाजवूं लागला तर पोर पांघरुणांत शिरेल. उलट ‘वरोना’ या शब्दाला रशियनमध्यें वेंधळ्या माणसाचा अर्थ आहे. जो कामाकडे न बघतां इकडेतिकडे पाहत बसतो, तो ‘कावळे मोजतो’ असें तेथें म्हणतात. पावसाआधीं घर नीट न बांधणाऱ्याला याहून चांगलें नांव कोणतें? तेव्हां आमचा काऊदादा रशियांत काऊबाई झाला. दोघी शेजारणी झाल्या, आणि गोष्टीचें कांहीं बिघडलें नाहीं.

दुसरी चूक शेणाची. आपल्या कानाला शेण हें घाणेरडें वाटत नाहीं. भुई सारवायची ती शेणानें. शेणाचें घर म्हणजे गरिबाचें, पण जगण्याजोगें घर. रशियन ‘नवोझ’ हें शेतांत टाकायचें खत, त्याला फक्त दुर्गंध येतो. त्या शब्दानें आम्हीं विनाकारण काऊचा अपमान करीत होतों, आणि आपल्या गोष्टींत तो अपमान मुळींच नाहीं. गोष्टीला हवें आहे तें पावसानें विरघळणारें घर. म्हणून शेणाच्या जागीं माती घेतली. शब्द सोडला, त्याचें काम ठेवलें.

येथें एक मोह आडवा आला, तोही सांगावा. रशियांत कोल्हीण व सशाची एक जुनी लोककथा आहे. कोल्हिणीची झोपडी बर्फाची, सशाची लिंबडीच्या जातीच्या नव्हे तर लिंडेन नांवाच्या झाडाच्या आंतरसालीची. या दोन झोपड्यांचीं विशेषणें ‘लिदिनाया’ आणि ‘लुबिनाया’ अशीं आहेत. आपल्या शेण-मेणाचीं हीं जणुं सख्खीं भावंडें! वसंतांत बर्फ वितळतो आणि बेघर कोल्हीण सशाच्या दारीं येते. आम्हांस वाटलें, हीच जोडी उचलावी. पण मग ती त्यांचीच गोष्ट झाली असती, आणि नातीनें पहिल्याच ओळीला “ही मला येते” म्हणून तोंड फिरविलें असतें. परक्या भाषेंत तयार मिळालेलें यमक पुष्कळदां परकी गोष्टही बरोबर घेऊन येतें.

तिसरी चूक आघाताची. ती रचनेंत नव्हती, आमच्या तोंडांत होती. आपल्या छंदांत लघु-गुरूंचा हिशेब असतो. रशियनमध्यें ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाहीं. प्रत्येक शब्दांत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीचीं अक्षरें पडतीं घेतात. हा जोर हलला कीं अर्थही हलतो. ‘घरीं’ आणि ‘घरें’ या दोहोंसाठीं रशियन अक्षरें एकच. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘दोमा’ म्हणजे घरीं, दुसऱ्यावर दिला तर ‘दमा’ म्हणजे घरें. जोर गेला कीं ओकाराचा अकार होतो, हें यावरून कळेल. आम्हीं सगळे ओकार संस्कृतासारखे खणखणीत म्हणत होतों, म्हणून ठेका कागदावर होता आणि कानाला नव्हता.

गुरूच्या जागीं आघात, हा नियम एकदां समजला म्हणजे वाट सोपी होते. कर्नेय चुकोव्स्की या रशियन बालकवीनें ‘दोन ते पांच’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. त्याचा पहिला अवतार 1928 सालीं निघाला. लहान मुलांच्या बोलण्याचा वर्षानुवर्षें अभ्यास करून त्यानें बालकवींसाठीं कांहीं आज्ञाच घालून दिल्या. त्यांतील तीन आम्हांस कामीं आल्या. ठेका असा हवा कीं आधीं जोराचें अक्षर, मग हलकें. मुलें आपणहून याच चालीवर गातात. यमकें एकमेकांजवळ हवींत. आणि ज्या शब्दांवर अर्थाचा सर्वांत अधिक भार, तेच शब्द यमकांत यावेत. ही तिसरी आज्ञा वाचली आणि शेण-मेणाचें रहस्य उलगडलें. आपल्या निरक्षर आज्यांनीं हेंच केलें होतें.

मग दुसरा प्रयत्न असा झाला:

दोम वरोनी झिम्ल्यनोय,
वरब्यीखिन वस्कवोय.

‘झिम्ल्यनोय’ म्हणजे मातीचें, ‘वस्कवोय’ म्हणजे मेणाचें. दोन्ही ओळींत सात सात अक्षरें. तिसऱ्यावर आणि सातव्यावर ठसठशीत जोर. यमक नेमकें त्या दोन शब्दांवर आलें, ज्यांवर गोष्ट उभी आहे.

राहिला दाराचा खेळ. त्याची खुबी अशी कीं काऊची हांक तीच राहते आणि चिऊची सबब बदलते. म्हणून हांकेच्या शेवटीं असा शब्द हवा, ज्याला पुष्कळ यमकें मिळतील. आम्हीं ‘स्करेय’, म्हणजे ‘लवकर’, हा शब्द निवडला:

तूक-तूक-तूक! अत्क्रोय स्करेय!

‘टक टक टक, दार उघड लवकर!’ याला चिऊचीं उत्तरें: ‘या कुपायु मलिशेय’, पिलांना न्हाऊं घालतें आहें, ‘पिलिनायु सिनव्येय’, मुलग्यांना दुपट्यांत गुंडाळतें आहें, ‘पदझ्दी, कर्म्ल्यू दित्येय’, थांब, पोरांना भरवितें आहें. यांत दोन गोष्टी सुटल्या. आपल्या चिऊचें बाळ एक. यमकासाठीं तीं अनेक झालीं. आणि काजळ-तीट गेली. रशियन मुलाला काजळ घालीत नाहींत, तेथें तान्ह्याला कापडांत घट्ट गुंडाळण्याची जुनी रीत आहे. काजळाचा शब्द ठेवला असता तर त्याचा अर्थ सांगावा लागला असता, आणि खेळाच्या मध्यें अर्थ सांगायला थांबणारा माणूस खेळांतून बाद होतो. काजळाची चुटपुट मात्र आम्हांस अजून आहे.

नवी गोष्ट ऐकतांना दुसऱ्या हांकेलाच नात उठून उभी राहिली आणि ओरडली, “उघडूं नको! ती तुला बाहेर काढील!” आम्ही चकित झालों. मराठी मुलाला चिऊ उशीर करते म्हणून कावळ्याची दया येते. हिला चिऊची काळजी! सूनबाईंनीं उलगडा केला. त्या कोल्हिणीच्या गोष्टींत आंत घेतलेली कोल्हीण सशालाच घराबाहेर हांकलते. दारीं भिजत आलेल्याची भीति त्या पोरीला गोष्टींतूनच मिळाली होती. आम्हीं लिदिनाया-लुबिनाया उचललें नाहीं, तरी तें श्रोत्याच्या कानांत आधींच बसलेलें होतें.

कांहीं घरीं ही गोष्ट कावळ्याला तापल्या तव्यावर बसवून संपवितात; आमच्या घरीं चिऊ शेवटीं दार उघडते. तें उघडणें ठसावें म्हणून आम्हीं चौथ्या हांकेचें उत्तरही त्याच यमकांत बांधलें: ‘झखदी इ क्रिल्या ग्रेय’, ये आंत आणि पंख शेक.

तिसऱ्या दिवशीं पाऊस थांबत नव्हता. आम्ही हातपाय धुऊन आंत येत होतों, तों दाराला आंतून कडी. आम्हीं दार वाजवून म्हटलें, तूक-तूक-तूक. आंतून पिलांचें न्हाणें झालें, दुपटीं झालीं, भरविणें झालें. आम्ही मुकाट्यानें भिजत उभे राहिलों. चौथ्या हांकेला कडी निघाली, आणि आमच्या ओल्या बाह्या धरून पोरीनें आम्हांस पंख शेकायला आंत ओढलें.