दोन लाल पिना आणि एक अर्धी रेषा

गेल्या महिन्यात माझ्या बेंचवर एक जाडजूड, जुन्या घडणीचं प्लेस्टेशन २ आलं. मशीन ठणठणीत होतं, लेन्सही साफ होती. तक्रार वेगळीच होती. घरातला पिक्चर ट्यूबचा टीव्ही गेला, त्याच्या जागी ४३ इंची फोर-के पॅनेल आलं आणि त्या दिवसापासून गेम “धुरकट दिसतो आणि बटण दाबल्यावर उशिरा हलतो”. गिऱ्हाइकाने सोबत तळहाताएवढा एक डबाही आणला होता. एका बाजूने पिवळी-पांढरी-लाल पिन आत, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय बाहेर. हा डबा त्याला एका दुकानाने “स्केलर” म्हणून दिला होता.

अशी जोडणी आता आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे येते आणि बहुतेक ठिकाणी तोच डबा पुढे केला जातो. म्हणून या अंकाचं संपादकीय या एकाच जोडणीवर खर्च करतो आहे.

सुरुवात डब्यापासून नको, तारेपासून करू. पिवळ्या पिनेत उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती एकाच तारेतून येते. पालमध्ये रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसवलेला असतो, एनटीएससीमध्ये ३.५८ वर. टीव्हीने किंवा डब्याने हे दोन्ही पुन्हा वेगळे काढायचे असतात आणि ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत. लाल अक्षरांच्या कडेने मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात, बारीक पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर इंद्रधनुष्याची झाक येते. ही खूण पाहिलीत की समजा, बिघाड मशीनमध्येच झालेल्या मिसळणीचा आहे. पुढे कितीही महाग स्केलर लावला तरी तो या मुंग्याच मोठ्या आणि स्पष्ट करून दाखवेल.

प्लेस्टेशन २ च्या मागच्या एव्ही मल्टी आउट सॉकेटमधून मात्र कॉम्पोनंटही निघतं. त्याची केबल पाच पिनांची: चित्राला हिरवी, निळी, लाल आणि आवाजाला पांढरी, लाल. हिरवीत उजेड आणि सिंक, उरलेल्या दोन्हींत रंगाचे फरक. येथे वाहक लहरच नाही, त्यामुळे मिसळण नाही आणि पाल की एनटीएससी हा रंगाचा प्रश्नही उरत नाही. आपल्याकडची मशीनं पाल आणि त्यांवर चालवलेल्या डिस्क दोन्ही प्रकारच्या, त्यामुळे कंपोझिटवर काही डिस्क कृष्णधवल दिसतात. कॉम्पोनंटवर ते दुखणं आपोआप जातं. केबल प्लेस्टेशन ३ ची असली तरी चालते, सॉकेट तेच आहे.

केबल बदलताना दोन जागी हमखास चुकतं. पहिली चूक मेन्यूतली. बरीच मशीनं आरजीबीवर ठेवलेली सापडतात. तशीच कॉम्पोनंट केबल लावली की चित्राचे रंग पार बिघडतात आणि केबल खराब आहे असं वाटतं. आधी जुनी पिवळी पिन लावा, डिस्क न घालता मशीन चालू करा आणि System Configuration मध्ये जाऊन `Component Video Out` समोर `Y Cb/Pb Cr/Pr` निवडा. मग केबल बदला.

दुसरी चूक लाल पिनांची. केबलमध्ये त्या दोन आहेत आणि दिसायला सारख्याच. चित्राची लाल पिन आवाजाच्या सॉकेटात गेली की एका स्पीकरमधून भणभण येते, कारण चित्राचा सिग्नल अॅम्प्लिफायरला मिळत असतो, आणि पडद्यावरचा लाल रंग नाहीसा होतो. म्हणजे भणभण आणि रंगाची तक्रार एकत्र आली तर मशीन उघडू नका, पिना बघा. निळी आणि लाल उलट लागली असेल तर चेहरे निळसर आणि आकाश तांबूस दिसतं. स्वस्त केबलींत हे वायरिंग कारखान्यातच उलट झालेलं मला सापडलं आहे, तेव्हा नवी केबल मल्टीमीटरने एकदा तपासून घ्यायची सवय ठेवा. नव्या टीव्हीत हिरवं सॉकेटच बहुधा पिवळ्याचंही काम करतं. तिथे पिवळी पिन लावून इनपुट कॉम्पोनंट ठेवला तर चित्र येतं, पण कृष्णधवल.

माझ्या बेंचवरच्या मशीनला मी कॉम्पोनंट लावलं, टीव्हीच्याच सॉकेटात. प्लेस्टेशन २ ची डिस्क छान दिसली. मग गिऱ्हाइकाची आवडती प्लेस्टेशन १ ची डिस्क घातली आणि टीव्हीने “सिग्नल नाही” म्हणून हात वर केले. मशीन तेच, केबल तीच, टीव्ही तोच. कारण अर्ध्या रेषेत आहे.

एनटीएससीच्या एका पूर्ण चित्रात ५२५ रेषा असतात आणि ते दोन फील्डमध्ये येतं. प्रत्येक फील्ड २६२.५ रेषांचं. शेवटच्या या अर्ध्या रेषेमुळे दुसरं फील्ड पहिल्याच्या रेषांच्या मधोमध बसतं आणि विषम-सम रेषांची वीण तयार होते. यालाच आपण ४८०आय म्हणतो. जुन्या कन्सोलनी एक युक्ती केली होती. ती फील्डमध्ये २६२ किंवा २६३ अशा पूर्ण रेषा पाठवतात. अर्धी रेषा गेली की प्रत्येक फील्ड आधीच्याच रेषांवर पडतं, वीण होत नाही आणि सेकंदाला ६० पूर्ण चित्रं मिळतात, प्रत्येक २४० रेषांचं. हे २४०पी. पालमध्ये हाच हिशेब ३१२.५ ऐवजी ३१२ असा आहे. प्लेस्टेशन १ चे बहुतेक गेम असेच चालतात.

पिक्चर ट्यूबला दोन्ही सारखेच, बीम जिथे सांगाल तिथे पडतो. पॅनेलला आधी ओळखावं लागतं की समोर काय आलं आहे. काही टीव्ही २४०पी कॉम्पोनंटवर नाकारतात, माझ्या बेंचवर तेच झालं. उरलेले बरेच ते ४८०आय समजून दोन स्वतंत्र चित्रं एकात विणतात. धावणाऱ्या पात्राच्या कडांना कंगव्याचे दात येतात. काही गेममध्ये सावली दाखवायला तिचं चित्र एका फील्डमध्ये दिसतं, पुढच्यात लपतं. ती सावली या विणकामात एकतर गायब होते किंवा पट्ट्यापट्ट्यांची होते. तळहाताएवढा डबाही नेमकी हीच चूक करतो. शिवाय चित्र १६:९ मध्ये ताणून पाठवतो आणि पुढे टीव्हीच्या मेन्यूतून ते ४:३ करता येईलच याची खात्री नसते.

खऱ्या स्केलरचं पहिलं काम म्हणूनच रेषा मोजणं. २४०पी ओळखून प्रत्येक रेष पूर्ण पटीत वाढवणं, आणि ४८०आय ओळखून त्याची वीण उसवणं. मार्कुस हिइएनकारी यांचा ओएसएससी पहिलं काम उत्तम करतो. तो पूर्ण चित्र साठवून ठेवत नाही, रेष आली की दुप्पट ते पाचपट करून पुढे ढकलतो, त्यामुळे त्याची स्वतःची दिरंगाई जवळपास शून्य. पण ४८०आयला तो फक्त प्रत्येक फील्ड ताणून दाखवतो. चित्र अर्ध्या रेषेने वरखाली थरथरतं आणि लाइफ बारच्या आडव्या कडांवर ते स्पष्ट दिसतं. प्लेस्टेशन २ चे बहुसंख्य गेम ४८०आय किंवा ५७६आय आहेत. त्यामुळे ज्याच्याकडे फक्त हे मशीन आहे, त्याला ओएसएससी देणं मला पटत नाही. आणि त्याला कंपोझिट इनपुट नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं.

प्लेस्टेशन २ ला हलत्या आणि स्थिर भागांचा वेगळा विचार करणारं डी-इंटरलेसिंग लागतं: स्थिर भागात दोन फील्ड विणायची, हलत्या भागात एकाच फील्डवरून मधल्या रेषा भरायच्या. २०२१ मध्ये आलेला माइक ची यांचा रेट्रोटिंक ५एक्स-प्रो हे करतो आणि कंपोझिट, एस-व्हिडिओ, कॉम्पोनंट सगळं घेतो. तो परवडत नसेल तर आपल्या हातांना जमणारा एक रस्ता आहे. जीबीएस-८२०० हा जुना आर्केड मॉनिटरसाठीचा बोर्ड कॉम्पोनंट आत घेऊन व्हीजीए बाहेर देतो. त्याचं मूळ सॉफ्टवेअर सुमार आहे, पण त्यावरची ट्रूव्ह्यू ५७२५ चिप चांगली आहे. बोर्डाचा स्वतःचा कंट्रोलर बंद करून, ईएसपी८२६६ मॉड्यूल दोन डेटा वायरींनी जोडून त्यात जीबीएस-कंट्रोल हे मोफत फर्मवेअर घातलं की तीच चिप २४०पी नीट ओळखते आणि ४८०आय वर हलतं-स्थिर वेगळं करते. पुढे व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा अडॅप्टर लागतो. तो आवाजाचा जॅक असलेलाच घ्या, कारण बोर्ड आवाज हाताळत नाही.

मी गिऱ्हाइकाला हाच बोर्ड करून दिला. आउटपुट १२८० बाय ९६० ठेवला, कारण २४० ची बरोबर चौपट ९६० होते आणि आकार ४:३ च राहतो. दोन्ही डिस्क चालल्या.

उशिराची तक्रार मात्र अर्धीच गेली होती, आणि उरलेली अर्धी टीव्हीत होती. हे मोजता येतं. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा, बटणावरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्या आणि बटण दबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. गेमचा स्वतःचा वेळ त्यात येतोच, म्हणून एकाच गेमवर दोन जोडण्यांचा फरक तेवढा बघायचा. टीव्हीचा गेम मोड चालू केल्यावर आकडा ठळकपणे खाली आला. चित्र सफाईदार करणाऱ्या सगळ्या सोयी त्या इनपुटवर बंद केल्या, तेव्हा गिऱ्हाईक समाधानाने उठलं.

एक मर्यादा त्याला सांगून ठेवली, तुम्हीही सांगा. काही गेम मध्येच २४०पी वरून ४८०आय वर उडी मारतात. क्रोनो क्रॉसमध्ये मेन्यू उघडला की हे घडतं. सिग्नल बदलला की स्केलर आणि टीव्हीला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं आणि पडदा काही क्षण काळा होऊ शकतो. हे आधी सांगितलं नाही तर मशीन “मध्येच बंद पडतं” म्हणून परत येतं.

तेव्हा यापुढे कुणी प्लेस्टेशन २ आणि नवा टीव्ही घेऊन आलं, तर डबा काढून देण्याआधी त्याच्यासाठी पाच पिनांची केबल शोधा, आणि त्याच्याकडे प्लेस्टेशन १ च्या डिस्क आहेत का ते विचारा.