आकड्यांची पारख : सात वाजताचा प्रश्न

एका वाचकबंधूंनी आपल्या गावच्या व्यापारी मंडळाच्या सूचनाफलकाचे छायाचित्र पाठवले आहे. फलकावरील मजकूर असा : ‘चातुर्मासात बाजारपेठ सायंकाळी सातला बंद करण्याविषयी उपाश्रयात व्याख्यानानंतर अर्ज भरून घेतले. ६० पैकी ५१ जण अनुकूल.’ मंडळ याच आधारे निर्णय घेणार आहे. ज्यांची निम्मी विक्री दिवेलागणीनंतर होते, अशा लहान दुकानदारांच्या पोटाचा हा प्रश्न आहे.

अर्ज कोठे भरले, हे प्रथम पाहावे. व्याख्यानास येणारा श्रावक बहुधा सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारा. सातला दुकान बंद करणे त्याच्या सोयीचेच. इतर समाजांचे दुकानदार आणि सकाळी गल्ला सोडून उठू न शकणारे एकटे मालक तेथे नव्हतेच. हा एकांगीपणा अर्जांची संख्या वाढवून जात नाही. त्याच सभागृहात ३०० अर्ज भरले असते, तरी काटा त्याच बाजूला झुकलेला राहिला असता.

छायाचित्रात फलकाची खालची कड कापली गेली आहे. एकूण किती अर्ज वाटले आणि प्रश्नाचे शब्द कोणते होते, हे मंडळाकडून मागवून घ्यावे. ‘धर्माराधनेसाठी बाजार लवकर बंद व्हावा ना?’ असे विचारले असल्यास उपाश्रयात बसून नकार कोण लिहील?

फेरपाहणी कशी करावी, असेही त्यांनी विचारले आहे. पेठेत ४८० दुकाने आहेत : ठोक ४८, किरकोळ २८८, टपऱ्या १४४. गल्ल्या २४, प्रत्येकीत २० दुकाने. साठ जणांनाच विचारायचे, तर दोन मार्ग आहेत. समूह नमुन्यात चिठ्ठ्या टाकून तीन गल्ल्या निवडाव्या आणि त्यांतील प्रत्येक दुकानात जावे. पायपीट वाचते, सर्व दुकानांची यादीही लागत नाही. परंतु प्रत्येक गल्ली ही अवघ्या पेठेची लहान प्रतिकृती असेल, तरच हे साधते. येथे तर धान्याची गल्ली निराळी, टपऱ्यांची निराळी. एका गल्लीतील वीस मते जवळजवळ एकच मत ठरेल, आणि तिन्ही चिठ्ठ्या किरकोळ गल्ल्यांच्या निघाल्या तर ठोक व्यापारी व टपरीवाले दोघेही सुटतील.

म्हणून येथे स्तरित नमुना घ्यावा. दर आठांत एक या प्रमाणाने ठोक ६, किरकोळ ३६, टपऱ्या १८. प्रत्येक वर्गाची यादी करून त्यातून चिठ्ठ्यांनी नावे काढावी. वर्गणीच्या वहीवर विसंबू नये, कारण टपऱ्या त्या वहीत बहुधा नसतात. पेठेत एक फेरी मारून यादी पुरी करावी. निवडलेले दुकान बंद आढळल्यास शेजाऱ्याला विचारून मोकळे होऊ नये. सायंकाळी सातनंतर पुन्हा जावे, कारण आपल्याला त्याच वेळी गिऱ्हाईक असलेल्या माणसाचे मत हवे आहे.