‘विरघळवता येतं’ म्हणे!

घोडबंदर रोडपासून डोंबिवली-कल्याणपर्यंत स्किन क्लिनिकांच्या पाट्या वाढत चालल्या आहेत. लग्नाचे फोटो काढायची वेळ जवळ आली की तिथे हनुवटीचीही चौकशी होते. बाजूने काढलेल्या फोटोत हनुवटी गळ्यात मिसळून जाते, ही तक्रार. उत्तरही बहुधा ठरलेलं असतं: आधी फिलर घेऊन बघा, नाही आवडलं तर विरघळवता येतं. हे वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे.

हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर हायल्युरॉनिडेझ या विकराने खरोखर विरघळतं. कॅल्शियमचे कण असलेलं फिलर मात्र या विकराने विरघळत नाही. सुईत काय भरलंय हे विचारल्याशिवाय ‘परत फिरता येतं’ याला अर्थ नाही. शिवाय सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर प्रश्न नावडण्याचा उरत नाही. त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, दुखू लागते. तेव्हा तोच विकर मोठ्या मात्रेत आणि ताबडतोब लागतो. त्याची कुपी क्लिनिकात आहे का, हे सुई टोचून घेण्याआधीच विचारायचं असतं.

आता टिकाऊपणा. समजा, हनुवटी ८ मिमी मागे आहे. फिलर तीन-चार मिमीपर्यंत शोभतं. त्यापुढे भरत गेलं की हनुवटी पुढे येण्याऐवजी बोथट आणि जड दिसते. मध्यम उणिवेसाठी सुरुवातीला २ मिली आणि पुढे दर सव्वा वर्षाने १ मिली धरलं, तरी दहा वर्षांत ९-१० मिली होतात. परत फिरण्याची सोय आपण दर सव्वा वर्षाने नव्याने विकत घेत असतो.

सिलिकॉनचं इम्प्लांट वर्षानुवर्षं राहतं. त्याभोवती पातळ आवरण तयार होतं, त्यामुळे ते काढणंही फारसं अवघड नसतं. सच्छिद्र पॉलिइथिलीनमध्ये मात्र ऊतक शिरून वाढतं आणि ते उपटताना त्रास होतो. पण सिलिकॉन काढलं म्हणजे जुनी हनुवटी परत मिळाली असं नाही. ताणलेली त्वचा आणि सैल झालेला स्नायू खाली ओघळू शकतो. आतल्या बाजूला इम्प्लांटच्या दाबाने हाडात खळगा पडू शकतो. हे १९६९ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं आहे. बहुतेकांना तो खळगा जाणवत नाही. एक्स-रेत मात्र दिसतो.

तिसरा मार्ग हाडाचा, म्हणजे जिनिओप्लास्टी. भूल देऊन खालच्या ओठाच्या आतून चीर घेतात. ओठाला संवेदना देणारी नस जिथून बाहेर येते, त्या छिद्राच्या सुमारे ५ मिमी खालून हाड आडवं कापतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूने बसवतात. हाड जितकं सरकतं, जवळपास तितकीच वरची त्वचा पुढे येते. ओठ-हनुवटीला काही आठवडे ते महिने बधिरपणा राहतो, थोड्यांना कायमचा. हाड जुळल्यावर मागे फिरायचं तर पुन्हा कापावं लागतं. म्हणजे सर्वांत टिकाऊ हाच आणि मागे फिरायला सर्वांत जड हाच.

पण खरी गोम वेगळी आहे. ८ मिमी मागे असलेल्या दोन हनुवट्या सारख्या नसतात. एकीचे दात नीट जुळतात, हाडाचं फक्त टोक लहान आहे. तिथे इम्प्लांट आणि जिनिओप्लास्टी यांतून निवड करता येते. दुसरीचा अख्खा खालचा जबडाच मागे आहे, वरचे दात खालच्यांच्या बरेच पुढे येतात, रात्री घोरणं आहे. तिथे फिलर आणि इम्प्लांट नुसता पडदा घालतात. जिभेचा स्नायू हनुवटीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याला धरलेला असतो. तो उंचवटा कापलेल्या तुकड्यात घेऊन सरकवला, तर जीभही थोडी पुढे ओढली जाते. सिलिकॉनच्या तुकड्याने ते कधीच होत नाही. दातांची जुळणी बिघडलेली असेल, तर आधी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मग सगळ्या जबड्याची शस्त्रक्रिया, हा क्रम लागतो. आणि ‘स्वस्त, झटपट’ म्हणून विकलं जाणारं इंजेक्शन अशा माणसाला वर्षानुवर्षं चुकीच्या दारात उभं ठेवतं.

हा फरक ओळखायला बाजूने काढलेला लॅटरल सेफॅलोग्राम लागतो. तो एक साधा एक्स-रे आहे, काही शे रुपयांत होतो. ठाणे-कल्याणकरांना सीएसएमटीपर्यंतची लोकल अनोळखी नाही. तिथून जवळच शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभागही. सुईसाठी आगाऊ रक्कम देण्याआधी तो एक्स-रे काढून घ्या, आणि तो न मागताच सुई भरणाऱ्या क्लिनिकातून उठून या.